चिखलातले ठसे: बिबट्या, कुत्रा की तिसरंच कोणी? (फोटो आहे)

पाटकरी
नमस्कार मंडळी. आमची वस्ती जुन्नर तालुक्यात, उसाच्या फडाला लागून. काल सकाळी धाकटा भाऊ रात्रीचं पाणी बंद करायला गेला तेव्हा पाटाच्या कडेच्या ओल्या चिखलात हे ठसे दिसले. त्याने शेजारी आपली चप्पल ठेवून फोटो काढला. घरच्या ग्रुपवर दहा मिनिटांत बिबट्या ठरून गेला आणि आईने सगळ्यांचं अंधारात बाहेर पडणं बंद केलं.

फोटोत नऊ ठसे आहेत. मी डावीकडून आकडे टाकलेत. बहुतेकांत चार बोटं आहेत. काहींत बोटांपुढे नखांसारखे खड्डे दिसतात, काहींत नाहीत. चौथ्या ठशात मला चक्क सहा बोटं मोजता येतात. आठवा ठसा बाकीच्यांच्या रांगेत नाही, बाजूला एकटाच आहे, गोल वाटतो आणि त्यात नखं दिसत नाहीत. बोटं मोजली, नखं बघितली, तरी माझं काही ठरत नाहीये. जाणकारांनी सांगावं.

कोकणी_मेवा
नखं दिसतायत ना? मग कुत्रा. मांजरकुळातले प्राणी नखं आत ओढून चालतात. विषय संपला, आईंना सांगा निवांत झोपा.

तात्या_श्रीगोंदेकर
मेवा, अर्धंच सांगितलंत. बिबट्याच्या पायाला पाच बोटं असतात. आमच्या मांजरीची मी आत्ताच मोजली, पुढच्या पायाला पाच भरली. म्हणजे चार बोटांचा ठसा बिबट्याचा असूच शकत नाही. नखं बघायचीही गरज नाही.

मेवा_नको_चहा_चालेल
तात्या, मांजरीने मोजू दिली? ओरखड्यांचा फोटो टाका, त्यातून नखं ओळखू.

रानवाट
तात्यांनी मोजलेली पाच बरोबर आहेत, पण पाचवं बोट मनगटाजवळ उंचावर असतं. ते जमिनीला टेकत नाही, त्यामुळे ठशात येत नाही. बिबट्या, वाघ, रानमांजर, कुत्रा, कोल्हा, लांडगा, तरस या सगळ्यांच्या ठशात चारच बोटं उमटतात. पाच बोटं नीट उमटलेली दिसली तर मुंगूस, उदमांजर, पाणमांजर, अस्वल यांचा विचार करायचा. म्हणजे बोटांच्या मोजणीने ही दुसरी मंडळी बाद झाली, त्यापुढे ती इथे उपयोगाची नाही.

नखांबद्दल मेवा जे म्हणतात ते कोरड्या धुळीच्या वाटेवर बहुतेक वेळा खरं ठरतं. पाटाची कड निसरडी आणि उतरती असते. तिथे पाय घसरला की बिबट्याही पकड घ्यायला नखं बाहेर काढतो. फरक नखाच्या खुणेत असतो. मांजराचं नख बारीक आणि अणकुचीदार असतं, त्यामुळे बोटापासून थोडं पुढे चिरल्यासारखी रेघ किंवा टोचल्यासारखा ठिपका दिसतो, आणि तोही सगळ्या बोटांपुढे नाही. कुत्र्याचं नख जमिनीवर घासून बोथट झालेलं असतं. त्याचा खड्डा जाड, आणि बोटाच्या टोकाला जवळजवळ चिकटलेला.

पाटकरी, तुमच्या १, ३ आणि ५ मधल्या नखांच्या खुणा मला जाड वाटतायत. म्हणजे बिबट्याची शक्यता कमी. पण म्हणून कुत्रा, असं मी अजून म्हणणार नाही.

उलटासुलटा
मला तर हे ठसे खड्डे दिसतच नाहीत. चिखलावर वडे थापून ठेवल्यासारखे वर आलेले दिसतायत. मलाच असं दिसतंय का?

रानवाट
तुम्हालाच नाही, बऱ्याच जणांना दिसतं. उजेड वरच्या बाजूने येतो असं आपला मेंदू धरून चालतो. या फोटोत सकाळचं ऊन खालच्या बाजूने आलंय, म्हणून खड्डा उंचवटा वाटतो. फोन उलटा धरून बघा, ठसे खाली जातील. अशा उलट्या भासात बोटांमधली चिखलाची धारच बोट वाटायला लागते आणि मोजणी चुकते, त्यामुळे ठशाचा फोटो आला की आधी सावली कुठल्या बाजूला आहे ते बघायचं.

उलटासुलटा
फिरवला. आयला, खरंच खाली गेले! आयडी सार्थकी लागला.

न्यू_जर्सीची_सून
आमच्याकडे कचऱ्याच्या डब्याशेजारी चिखलात लहान बाळाच्या हाताचे ठसे उमटले होते, लांब पाच बोटांसकट. सासूबाई आल्या होत्या, त्यांनी लगेच मीठ-मोहऱ्या काढल्या. शेजारीण हसून म्हणाली, रकून आहे. अवांतराबद्दल क्षमस्व, चालू द्या.

डेटावाला
चप्पल आहे म्हणजे माप काढता येईल. पाटकरी, चप्पल किती लांब?

पाटकरी
आठ नंबर. भावाला टेप लावायला सांगितली, बरोबर २७ सेंटीमीटर.

डेटावाला
फोटोत चप्पल १८० पिक्सेल लांब आहे. २७० मिमी भागिले १८०, म्हणजे एका पिक्सेलला दीड मिमी. आता १ आणि ५ हे एकाच बाजूच्या पुढच्या पायाचे ठसे धरले, तर त्यांच्यातलं अंतर ५६० पिक्सेल आहे. म्हणजे ८४० मिमी, ८४ सेंटीमीटरची ढांग. एवढी लांब ढांग गावठी कुत्र्याची कशी असेल? माझं मत बिबट्या.

मेळघाटकर_निवृत्त
डेटावाले साहेब, हिशेब चोख आहे, पण दोन गोष्टी बघा.

पहिली, ढांग कोणत्या पायापासून कोणत्या पायापर्यंत धरली ते तुम्ही बरोबर केलं. त्याच पायाचा पुढचा ठसा धरायचा असतो. लोक डाव्यापासून उजव्यापर्यंत मोजतात आणि आकडा निम्मा येतो. पण चप्पल आहे फोटो काढणाऱ्याच्या पायाशी आणि ५ नंबर आहे लांब. फोटो तिरका घेतलाय. लांबची वस्तू बारीक दिसते, म्हणजे खरं अंतर ८४ पेक्षा थोडं जास्तच असणार. तिरक्या फोटोतली ढांग ही अंदाजाची गोष्ट, त्यावर पैज लावू नये.

दुसरी, ढांग जनावराच्या उंचीवर असते तशीच चालीवरही असते. तोच कुत्रा रमत गेला तर ढांग आखूड, दुडक्या चालीने गेला तर लांब. मोठं गावठी कुत्रं दुडकत एवढी ढांग सहज टाकतं. तरसही टाकतो आणि बिबट्याही. इथे ढांगेने फक्त एवढं कळतं की हे जनावर कोल्ह्यापेक्षा किंवा रानमांजरापेक्षा मोठं आहे.

नोकरीत मी वाघाचे ठसे काचेवर गिरवलेत आणि प्लास्टरमध्ये ओतलेत. १९७२ च्या पहिल्या देशभरच्या मोजणीपासून वाघ ठशांवरूनच मोजायचे. साहेब लोक म्हणायचे प्रत्येक वाघाचा पंजा वेगळा, ओळखता आला पाहिजे. आम्ही बघायचो की त्याच वाघाचा तोच पाय धुळीत एक माप देतो, नाल्याच्या चिखलात दुसरंच. ओल्या चिखलात पाय दबला की बोटं फाकतात आणि कडा बाहेर ढकलल्या जातात, ठसा मोठा होतो. वाळताना चिखल आक्रसतो, कडा ढासळतात, पुन्हा माप बदलतं. पुढे २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कामध्ये वाघ उरलेच नाहीत हे उघड झालं, कागदावर मात्र होते. त्यानंतर देशभरची मोजणी ट्रॅप कॅमेऱ्यावर गेली. कोणता वाघ ते ठशावरून सांगणं अवघड. कोणतं जनावर ते मात्र चांगल्या ठशावरून सांगता येतं, त्याला अजून तोड नाही.

तात्या_श्रीगोंदेकर
मग आता चांगला ठसा कोणता? की या नवांपैकी सगळे वाईटच?

मेळघाटकर_निवृत्त
१ आणि २. तिथे चिखल पातळ नाही, बोटभर खोलीचा घट्ट आहे. फोटोत पाणी साचलेले ६ आणि ७ सोडून द्या.

सह्याद्रीचा_उंदीर
पण साहेब, पिंजरा लावायचा तर बकरी बांधायची की कोंबडी? आमच्या भागात मागच्या वर्षी कोंबडी बांधली होती, दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात शेजाऱ्याचा बोका.

कोकणी_मेवा
उंदीरराव, प्रश्न पिंजऱ्याचा नाहीये. आणि पिंजरा आपण लावायचा नसतो, ते वनखात्याचं काम. तुमचं बोक्याशी वैर समजू शकतो.

रानवाट
पाटकरी, एक काम कराल? भाऊ जवळ असेल तर १, २ आणि ८ चे फोटो पुन्हा हवेत. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवायचं, ठशाच्या पातळीतच, उंचवट्यावर नाही. फोन बरोबर वरून धरायचा. ऊन डोक्यावर यायच्या आत घ्यायचा, म्हणजे सावली राहील. ढगाळ असेल तर एका बाजूने आडवी बॅटरी मारायची. आणि ८ च्या आजूबाजूला त्याचा जोडीदार ठसा कुठे आहे का, तेही बघायला सांगा.

पाटकरी
टाकलेत तीन फोटो. ८ च्या पुढे लगेच उसाचा पाला पडलाय आणि मागे पाणी, दुसरा ठसा सापडला नाही. कालपेक्षा कडा थोड्या तडकल्यात.

डेटावाला
धन्यवाद. नाणं २७ मिमीचं असतं. पहिल्या फोटोत ते ९० पिक्सेल आहे, म्हणजे पिक्सेलला ०.३ मिमी. नखं सोडून ठशाची लांबी १ नंबरची २६५ पिक्सेल, म्हणजे सुमारे ८० मिमी. दुसऱ्या फोटोतही नाणं ९० च आलंय. २ नंबरची लांबी २१५ पिक्सेल, म्हणजे सुमारे ६५ मिमी. दोन वेगळे प्राणी आहेत का? एक मोठा, एक पिल्लू?

रानवाट
नाही, इथेच गंमत आहे. १ पुढच्या पायाचा आणि २ मागच्या पायाचा, एकाच प्राण्याचा. पुढे ३ मोठा, ५ मोठा, ७ अस्पष्ट पण मोठाच. मोठा-लहान असा क्रम रांगभर चाललाय. कुत्र्याचा पुढचा पाय मागच्यापेक्षा मोठाच असतो, पण फरक थोडा. इथे दीड सेंटीमीटरचा फरक आहे, आणि दोन्ही ठसे सारख्याच घट्ट चिखलात आहेत, त्यामुळे एकच जास्त पसरला असंही म्हणता येत नाही. असा भरभक्कम पुढचा पाय आणि त्यामानाने लहान मागचा पाय म्हणजे तरस.

आता १ मधली बोटं बघा. कुत्र्याच्या ठशात बोटं आणि मागची गादी यांच्यामध्ये मोकळी जागा राहते. मधून दोन तिरक्या रेघा मारल्या तर फुली बसते आणि ती गादीला कापत नाही. ठशाचे डावे-उजवे भागही जवळजवळ सारखे असतात. इथे चारही बोटं एकमेकांना खेटून, लांबट आणि एका बाजूला झुकलेली आहेत. गादी मोठी आहे आणि तिची मागची कड तिरकी गेलीय. फुली मारून बघा, गादीवरूनच जाते. बिबट्याची गादीही मोठी असते, पण तिच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात, इथे नाहीत. आणि बिबट्याची बोटं सुटी, थेंबासारखी असतात.

तरसाला नखं आत घेता येत नाहीत. म्हणून मेवा, अशी जाड नखं दिसली म्हणजे मांजर नाही इथपर्यंत तुमचं बरोबर होतं. तिथून थेट कुत्र्यावर उडी मारली की मधला तरस राहून जातो.

कोकणी_मेवा
मान्य, पण तरस गावात? मी तर ते माळरानावरचं जनावर समजत होतो.

रानवाट
उसाच्या आणि बागायती पट्ट्यातही असतो. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी शेतीत ट्रॅप कॅमेरे लावून अभ्यास केला होता, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबटे आणि तरस जवळजवळ सारखेच निघाले, १०० चौरस किलोमीटरला पाचच्या आसपास दोन्ही. बिबट्याची बातमी होते, तरसाची होत नाही एवढंच. तो बहुतेक मेलेल्या जनावरांवर जगतो. पाटकरी, आसपास कुणी मेलेलं वासरू किंवा कोंबड्या टाकतं का?

पाटकरी
ओढ्याच्या पलीकडे पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या टाकतात. ठसे त्याच दिशेने गेलेत!

तात्या_श्रीगोंदेकर
सगळं पटलं, पण सहा बोटांचं काय? ४ नंबर अजून कुणी सोडवला नाही.

मेळघाटकर_निवृत्त
सहा बोटांचं जनावर नाही तात्या. पुढचा पाय पडला, उचलला, आणि त्याच बाजूचा मागचा पाय जवळजवळ त्याच जागी पडला. मागच्याने पुढच्याची अर्धी बोटं पुसली, अर्धी ठेवली. राहिलेली दोन आणि नवी चार, झाली सहा. कडा नीट बघितल्या तर कोणता ठसा वर बसलाय ते कळतं. ज्याच्या कडा अखंड, तो नंतरचा. इथे लहान ठसा वर आहे, म्हणजे मागचा पाय. असा जोडठसा कुणी एकच धरून मोजला की जनावर दीडपट मोठं होतं. गावोगावच्या हातभर पंजांच्या गोष्टी बऱ्याचदा तिथूनच निघतात.

डेटावाला
म्हणजे मी ४ मोजला नाही ते बरंच झालं. मोजला असता तर १२ सेंटीमीटर भरला असता आणि तुम्ही लोक वाघ म्हणून मोकळे झाला असता.

गुऱ्हाळघर
कुत्रा नाहीच असं अजून म्हणता येईल का? आमच्याकडे धनगरांची कुत्री असतात, पंजा तळहाताएवढा. पुढचे पाय त्यांचेही दणकट.

रानवाट
मोठ्या कुत्र्याचा एकटा ठसा असता तर मीही घुटमळले असते. पण फुली बसत नाही, बोटं खेटलेली आहेत आणि पुढचा-मागचा फरक रांगभर टिकतो, या तीन गोष्टी एकत्र आल्यात. शिवाय चाल बघा. पाळीव कुत्रं सहसा सरळ जात नाही, वास घेत इकडे-तिकडे वळतं. ही रांग पाटाच्या कडेने सरळ गेलीय. हा शेवटचा मुद्दा कच्चा आहे, धनगराच्या मागे चाललेलं कुत्रंही सरळ जाईल. म्हणून तो मी शेवटी ठेवला.

गुऱ्हाळघर
पहिले तीन पटले. चौथा तुम्हीच पाडलात.

उलटासुलटा
आणि तो ८ नंबर? गोल, नखं नाहीत. सगळे तरसाच्या मागे लागले आणि त्याला विसरले.

रानवाट
विसरले नव्हते, टाळत होते. नाण्यावरून रुंदी सुमारे ७२ मिमी येते. गादी रुंद आहे, नखं नाहीत, आणि चार बोटांपैकी एक इतरांपेक्षा थोडं पुढे आहे. मांजरकुळात असं असतं, त्यावरून पाय डावा की उजवा हेही सांगता येतं. रानमांजराच्या मानाने हा फारच मोठा. म्हणून माझा कल बिबट्याकडे आहे.

मेळघाटकर_निवृत्त
मी इथे ताईंशी सहमत नाही. ८ ची मागची कड पाण्याने धुतलीय, तीन फुगवटे आहेत की नाहीत ते दिसतच नाही. नखं नाहीत म्हणता, पण बोटांच्या पुढचा चिखलही सैल होऊन आत सरकलाय, तिथे नखांचे खड्डे असले तरी बुजले असतील. कड ढासळली की कुत्र्याचा लांबट ठसाही गोल होतो. आणि एकटा ठसा आहे, ना पुढचा ना मागचा. नोकरीत असताना मी असा ठसा वहीत 'अनिश्चित' म्हणून लिहिला असता.

रानवाट
पुढे आलेलं बोट तरी बघा ना दादा. धुपून कडा जातात, बोटांची जागा बदलत नाही.

मेळघाटकर_निवृत्त
पाय वळवताना टाकला तर कुत्र्याचंही एक बोट पुढे येतं. घसरल्याची खूण डाव्या कडेला आहे, बघा.

रानवाट
ती खूण मला पाण्याच्या ओघळाची वाटते. चालेल, तुमचं 'अनिश्चित', माझं 'बहुधा बिबट्या'.

सह्याद्रीचा_उंदीर
म्हणजे पिंजरा लावायचा की नाही?

कोकणी_मेवा
उंदीरराव!!

पाटकरी
सगळ्यांचे आभार. वनखात्याच्या १९२६ वर कळवलं होतं, आज वनरक्षक येऊन गेले. रांग बघताक्षणी ते तरस म्हणाले, इथल्या चर्चेची मी त्यांना काहीच कल्पना दिली नव्हती. ८ नंबरपाशी मात्र बराच वेळ उकिडवे बसले आणि म्हणाले, याचं आता काही सांगता येत नाही, पण या फडात बिबट्या असतोच, तेव्हा ठसा असो नसो, रात्री पाण्याला एकट्याने जाऊ नका, बॅटरी न्या, मोबाईलवर गाणी लावा. पोल्ट्रीवाल्यांनाही कोंबड्या खड्ड्यात पुरायला सांगून गेले.

आईला तरस सांगितला तर ती म्हणाली, तो काय कमी आहे का? त्यामुळे बाहेर पडणं अजून बंदच आहे. भावाने पाटाच्या कडेला पाच-सहा फूट लांबीचा पट्टा बारीक माती चाळून पसरवलाय आणि फळीने सपाट केलाय.

मेळघाटकर_निवृत्त
चांगलं केलं. माती बोटाच्या एका पेरापेक्षा जाड ठेवू नका, नाहीतर पाय रुततो आणि बोटं बुजतात. संध्याकाळी थोडं पाणी शिंपडा, चिखल होऊ देऊ नका. आणि आधी घरच्या कुत्र्याला त्यावरून चालवून एक फोटो काढून ठेवा. रोज सकाळी पहिला ठसा त्याचाच सापडणार आहे.

पाटकरी
काढला. फुली मारून बघितली, बसते! पण नखं फक्त मधल्या दोन बोटांपुढे दिसतायत, बाहेरच्या दोन्हींपुढे नाहीत. हे असं का?

रानवाट
कडक मातीवर बऱ्याचदा तसंच येतं, मधली दोन बोटं पुढे असतात आणि जोर तिथे पडतो. त्याला पळवून बघा, चारही येतील.

तात्या_श्रीगोंदेकर
आमच्या मांजरीलाही चालवून बघतो. फोटो टाकला तर ओळखा पुढचा की मागचा. हात बरे झाले की.